उकडा, आंबेमोहर की बासमती? गोव्यातल्या घरांसाठी तांदळाच्या निवडीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात रोजच्या जेवणाला उकडा तांदूळच का वापरतात? आंबेमोहर किंवा बासमती रोज खाल्ला तर काय बिघडते?

बिघडत काही नाही, पण हुमणाबरोबर तो भात तितका जमत नाही. आपल्या रोजच्या ताटात भातावर नारळाची पातळ आमटी, माशाचे हुमण, सोलकढी किंवा तोंडाक असे काहीतरी ओतले जाते आणि ते हाताने कालवले जाते. अशा वेळी भाताच्या शिताने रस शोषून घ्यायचा, पण स्वतः विरघळायचे नाही, ही अपेक्षा असते. आंबेमोहर हुमणात कालवला की दोन-तीन घासांतच त्याचा लगदा होतो आणि कोकमाची किंवा तिरफळाची चव त्या लगद्यात बुजून जाते. बासमतीचे लांब, सुटे शीत रस धरूनच ठेवत नाही, त्यामुळे रस ताटात खाली उतरतो आणि वरचा भात कोरडाच राहतो. उकड्याचे शीत जाड असते आणि ते बाहेरून घट्ट व आतून मऊ राहते. हुमणाला हवे असते ते नेमके हेच.

म्हणून तांदूळ निवडताना ‘कोणता तांदूळ चांगला’ असे न विचारता ‘या भातावर काय पडणार आहे’ असे विचारावे, असे माझे मत आहे. पुढच्या बहुतेक उत्तरांचा धागा हाच आहे.

उकडा तांदूळ इतर तांदळापेक्षा वेगळा का वागतो? ती वेगळी जात आहे का?

उकडा ही जात नाही, ती प्रक्रिया आहे. जया, ज्योती किंवा खाजन जमिनीतला कोरगुट, यांपैकी कोणतेही भात उकडता येते आणि न उकडता सडले तर त्याचाच सुरय तांदूळ होतो. उकडण्यासाठी भात सालासकट भिजवतात, मग साल किंचित फुटेपर्यंत पाण्यात किंवा वाफेवर उकडतात, नंतर वाळवतात आणि शेवटी गिरणीत सडतात. पूर्वी अनेक घरांत हे काम अंगणात तांब्याच्या मोठ्या भाणात होत असे.

या प्रक्रियेत दाण्यातला पिठूळ भाग एकदा शिजतो आणि वाळताना पुन्हा आवळून काचेसारखा कठीण होतो. म्हणून तो पुन्हा शिजवताना पाणी सावकाश आत शिरते, वेळ जास्त लागतो आणि शीत सहजी फुटत नाही. कोंड्याजवळ असणाऱ्या ब-१ जीवनसत्त्वाचा काही भाग भिजवताना व उकडताना दाण्याच्या आत सरकतो, त्यामुळे सडल्यानंतरही तो पांढऱ्या सुरय तांदळापेक्षा अधिक प्रमाणात शिल्लक राहतो. आणखी एक लाभ आपल्या हवेशी जोडलेला आहे. सरद हंगामाचे भात कापणीला येते तेव्हा पाऊस पुरता गेलेला नसतो, आणि भिजून-वाळून दाण्याला आतून बारीक तडे जातात. असे भात तसेच सडले तर कण्या फार पडतात. उकडल्यावर ते तडे सांधले जातात आणि दाणा अखंड निघतो. दमट किनारपट्टीवर उकडण्याची पद्धत इतकी रुजली, त्यामागे हेही एक कारण असावे, असे मला वाटते.

लाल उकडा आणि पिवळसर उकडा यांत फरक काय? बाजारात चांगला उकडा कसा ओळखावा?

लाल रंग उकडण्याने येत नाही, तो दाण्यावरच्या पातळ आवरणाचा असतो. ज्योती व कोरगुट यांचे आवरण लाल आहे, तर जयाचे तसे नाही, म्हणून जयाचा उकडा फिकट पिवळा दिसतो. लाल उकडा जितका कमी सडलेला तितका शिजायला चिवट, पण कोंडा शिल्लक असल्याने त्याला चवही अधिक असते.

दुकानात मूठभर दाणे तळहातावर घेऊन उजेडात पाहावेत. नीट उकडलेला दाणा अर्धपारदर्शक दिसतो. दाण्याच्या पोटात खडूसारखा पांढरा ठिपका दिसत असेल, तर भिजवणे किंवा उकडणे अपुरे राहिले आहे, आणि असा तांदूळ शिजताना बाहेरून फुटतो व आत टणक राहतो. लाल उकड्याचा रंग प्रत्येक दाण्यावर सारखा नसतो. सडताना कुठे आवरण राहते, कुठे निघते, त्यामुळे दाण्यावर लाल-पांढऱ्या रेघा दिसायलाच हव्यात. शेवटी वास घ्यावा. उकड्याला स्वतःचा एक वास असतो आणि तो सवयीने आवडू लागतो, पण आंबूस, कुबट वास येत असेल तर भात गार पाण्यात फार वेळ पडून आंबले होते किंवा नीट वाळले नव्हते, असे समजावे. तो वास कितीही धुतले तरी जात नाही.

उकडा कुकरमध्ये कधी कच्चा राहतो, कधी फुटतो. नेमके काय चुकते?

बहुधा घाई नडते. तांदूळ न भिजवता मोठ्या आचेवर भराभर शिट्ट्या काढल्या, तर बाहेरचा भाग शिजून फाटतो आणि मधला गाभा तसाच राहतो. माझ्या घरी दोन्ही पद्धती चालतात, त्या सांगते.

पातेल्यात शिजवायचा असेल तर तांदूळ तीन वेळा धुऊन तासभर गरम पाण्यात भिजवावा. एका वाटीला सहा वाट्या पाणी आधी उकळून घ्यावे, त्यात निथळलेला तांदूळ सोडावा आणि पाणी पुन्हा उकळले की आच मध्यम करावी. मध्यम सडलेला उकडा 35 ते 45 मिनिटांत शिजतो, कमी सडलेल्या लाल उकड्याला त्याहून जास्त वेळ लागतो. घड्याळापेक्षा बोटांवर विश्वास ठेवावा. एक शीत अंगठा व तर्जनीत दाबले असता मध्ये पांढरी कणी लागू नये. मग भात वेळून पेज वेगळी काढावी आणि झाकण ठेवून दहा मिनिटे मुरू द्यावा. पेज ओतून देऊ नये, कारण पाण्यात उतरलेली जीवनसत्त्वे तिच्यातच असतात. मीठ घालून ती प्यावी. न्याहारीनंतर अकराच्या सुमारास प्यायची शितासकट पेज हवी असेल, तर त्यासाठी तांदूळ वेगळाच लावावा आणि पाणी आठपट घ्यावे.

कुकरमध्ये करायचा असेल तर असाच भिजवलेला तांदूळ एकास चार पाण्यात घालावा, पहिली शिट्टी झाली की आच अगदी मंद करावी, 15 ते 20 मिनिटे ठेवावा आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. नवे पोते फोडले की पहिल्या दिवशी एका वाटीचाच भात करून वेळ ठरवून घ्यावी, कारण दोन गिरण्यांचा उकडा सारखा वागत नाही.

नैवेद्याला उकडा का चालत नाही? त्या दिवशी आंबेमोहरच हवा का?

अनेक हिंदू घरांत उकडा हा एकदा शिजलेला तांदूळ मानला जातो, म्हणून नैवेद्याला, श्राद्धाला आणि अक्षतांना सुरय म्हणजे न उकडलेला तांदूळ घेतात. हा आपापल्या घरच्या रीतीचा प्रश्न आहे. आंबेमोहरच हवा असे कुठलेही बंधन नाही. साधा सुरयही पुरेसा आहे.

तरी सणाच्या वरणभाताला मी आंबेमोहर घेते, आणि त्याचे कारण पुन्हा ताटातच आहे. तुरीचे साधे वरण, वर तूप, मीठ आणि लिंबू, एवढ्या सौम्य जोडीत भाताचा स्वतःचा वास पुढे येतो. आंबेमोहराचा दाणा आखूड असून तो शिजताना सहज मोडतो व एकमेकाला चिकटतो. हुमणाशी जो दोष ठरतो, तोच वरणाशी गुण ठरतो, कारण वरण आणि भात मिळून मऊ, एकजीव घास होतो. लहान मुले आणि दात नसलेली वडीलधारी माणसे यांच्यासाठी मऊभात करायचा असेल, तर आंबेमोहरासारखा तांदूळ नाही.

गोव्यात मिळणारा ‘आंबेमोहर’ खरा असतो का?

पुष्कळदा नसतो. खरा आंबेमोहर पुणे जिल्ह्यातल्या मुळशी, मावळ, भोर या सह्याद्रीच्या पायथ्याच्या पट्ट्यात होतो. त्याचे उत्पन्न कमी, रोप उंच असल्याने पीक लोळते, त्यामुळे शेतकरी तो थोड्याच जागेत घेतात. मागणी मात्र मोठी. म्हणून जिरा शंकर नावाचा, आंध्रातून येणारा दिसायला जवळचा तांदूळ आंबेमोहर म्हणून विकला जातो. दुसरा गोंधळ इंद्रायणीचा. इंद्रायणी ही आंबेमोहर-157 आणि आयआर-8 यांच्या संकरातून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेली आणि 1987 मध्ये प्रसारित झालेली जात आहे. तिला वास आहे, ती मऊ शिजते आणि आंबेमोहरापेक्षा स्वस्तही असते. इंद्रायणी हे नाव सांगून विकली तर तिच्यात काही गैर नाही. रोजच्या वरणभाताला मी तीच सुचवेन.

एकदा चवथीच्या आधी एका दुकानातून मी पाच किलो आंबेमोहर आणला होता. पिशवी उघडताच उग्र, अत्तरासारखा वास आला, पण तांदूळ दोन पाण्यांत धुतल्यावर तो वास पाण्याबरोबर निघून गेला आणि शिजलेल्या भाताला कसलाच गंध उरला नाही. तेव्हापासून मी आधी पाव किलोच घेते आणि एक वाटी शिजवून पाहते. खऱ्या सुवासिक तांदळाचा वास कोरडा असताना मंद असतो आणि शिजताना वाढतो. झाकण उघडल्यावर तो सर्वांत जास्त जाणवतो. नुसत्या पिशवीला येणारा वास काहीच सिद्ध करत नाही. दाण्याकडेही पाहावे. आंबेमोहर लहान व आखूड असतो, इंद्रायणीचा दाणा त्याहून लांबट असतो.

नवा तांदूळ घ्यावा की जुना?

पुलाव-बिर्याणीला जुना, वरणभाताला दोन्ही चालतात, पण पाणी बदलावे लागते. नव्या तांदळाचा पिठूळपणा पाण्यात लवकर सुटतो, म्हणून तो चिकट होतो. साठवणीत दाणा घट्ट होत जातो, त्यामुळे जुना तांदूळ जास्त पाणी पितो, जास्त फुगतो आणि सुटा राहतो. आंबेमोहर नवा असेल तर एका वाटीला दोन वाट्या पाणी पुरते. जुन्याला सव्वादोन ते अडीच लागते. दुकानदार सांगेल त्यापेक्षा पहिल्या दिवशीचा भात खरे सांगतो. नेहमीच्या पाण्यात भात गिच्च झाला, तर तांदूळ नवा आहे आणि उद्या पाणी पाव वाटीने कमी करायचे, एवढेच.

बासमती कधी घ्यावा, आणि घेताना काय पाहावे?

ज्या भातात मसाला, तूप आणि खडे पदार्थ दाण्यादाण्याला लागायला हवेत, म्हणजे पुलाव, बिर्याणी किंवा ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे मेजवानीला होणारा आरोज, त्याला बासमती योग्य आहे. शिजताना तो जाडीपेक्षा लांबीत अधिक वाढतो, हे त्याचे वैशिष्ट्य आहे. बासमती हे नाव भौगोलिक मानांकनाने संरक्षित आहे. ते मानांकन 2016 मध्ये मिळाले आणि ते पंजाब, हरियाणा, दिल्ली, हिमाचल प्रदेश, उत्तराखंड, तसेच उत्तर प्रदेश व जम्मू-काश्मीर यांच्या काही भागांतल्या तांदळापुरतेच आहे. 1 ऑगस्ट 2023 पासून अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांनुसार बासमतीत कृत्रिम रंग, कृत्रिम सुगंध किंवा चकाकीसाठी लावलेले द्रव्य चालत नाही.

पाकिटावर पुसा 1121 असे लिहिलेले असेल तर दाणा फार लांब होतो आणि ताटात उठून दिसतो. जुन्या पारंपरिक जातींचा दाणा तितका लांब नसतो, पण वासाने त्या मला सरस वाटतात. पाहुण्यांच्या पुलावाला पहिली, घरच्यांच्या साध्या जिराभाताला दुसरी, अशी माझी निवड आहे.

शिजवण्यापूर्वी अर्धा तास भिजवणे टाळू नये; न भिजवलेला लांब दाणा उकळीत मोडतो. भिजवून निथळलेल्या एका वाटीला दीड वाटी पाणी पुरते. भात झाल्यावर लगेच ढवळू नये, दहा मिनिटे झाकून ठेवावा आणि मग काट्याने कडेकडेने सोडवावा.

सेला बासमती म्हणजे उकडाच का?

होय, सेला म्हणजे उकडलेला बासमती. जे उकडण्याने जयाचे किंवा ज्योतीचे होते, तेच त्याचेही होते. दाणा पिवळसर व कठीण होतो, मोडत नाही, आणि भात तासभर झाकून ठेवला तरी लगदा होत नाही. म्हणून मोठ्या समारंभात आचारी तोच मागतात. घरी दहा माणसांपर्यंतच्या पुलावाला त्याची गरज नाही, कारण सेल्यात बासमतीचा वास कमी जाणवतो. सेला घेतलाच तर अर्धा तास पुरत नाही, किमान एक तास भिजवावा. आणि हुमणाला उकड्याऐवजी सेला घेऊ नये, कारण उकडलेला असला तरी त्याचे शीत बारीकच असते.

पातोळ्या आणि सान्नांना कोणता तांदूळ घ्यावा?

पातोळ्यांना सुरय. हळदीच्या पानावर पीठ पातळ पसरून वाफवायचे असते आणि ते एकसंध धरून राहायला हवे. तांदूळ तीन-चार तास भिजवून, कमीत कमी पाण्यात अगदी बारीक वाटावा. अर्धा किलो तांदळाच्या मध्यम आकाराच्या वीस ते पंचवीस पातोळ्या होतात. बासमतीच्या पिठाच्या पातोळ्या चिरतात आणि उतरवताना पानाला अर्ध्या चिकटून राहतात.

सान्नांना मात्र उकडा आणि सुरय यांचे मिश्रण घेतात. नुसत्या सुरयची सान्नां गार झाल्यावर कडक होतात, उकड्याने ती मऊ राहतात. प्रमाण घरोघरी वेगळे आहे. मी निम्मे-निम्मे घेते.

मधुमेह असलेल्यांसाठी उकडा चांगला का?

त्याच जातीच्या पांढऱ्या सुरय तांदळापेक्षा उकड्याने रक्तातली साखर सामान्यतः थोडी सावकाश वाढते. पण ‘सावकाश’ म्हणजे ‘वाढतच नाही’ असे नव्हे, आणि उकडा आहे म्हणून दुप्पट भात घेतला तर तो फायदा उरत नाही. किती घ्यायचा हे आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

चवथीला बारा माणसांच्या घरी कोणता तांदूळ किती आणावा?

आमच्या घरी गणपती दीड दिवसाचा असतो, त्याचाच हिशेब मांडते. पहिल्या दिवशी दुपारी नैवेद्याचे जेवण असते. ताटात खतखते, मुगांची गाठी, भाज्या, पातोळ्या, नेवऱ्या असे बरेच असल्याने भात कमी जातो. माणशी 70 ग्रॅम कोरडा आंबेमोहर धरला तर बारा जणांना 840 ग्रॅम होतो. नैवेद्याची पाने आणि एखादा अचानक आलेला पाहुणा धरून एक किलो आणावा. पातोळ्या माणशी दोन आणि शेजाऱ्यांना द्यायला थोड्या, म्हणजे तीसेक करायच्या, त्यासाठी सुमारे 600 ग्रॅम सुरय.

दुसऱ्या दिवशी विसर्जनाआधी वीस माणसे जेवायला असतात आणि शिवराक पुलाव होतो. सोबत पुऱ्या असल्याने माणशी 60 ग्रॅम बासमती पुरतो, म्हणजे 1 किलो 200 ग्रॅम. पुऱ्या नसतील तर माणशी 80 ग्रॅम धरून 1 किलो 600 ग्रॅम घ्यावा.

तिसऱ्या दिवशी बाजारातून मासे येतात आणि सगळ्यांनाच हुमणाची भूक असते. त्या दिवशी ताटात दुसरे फार काही नसते, म्हणून माणशी 100 ग्रॅम उकडा धरावा. बारा जणांना 1 किलो 200 ग्रॅम. एकदा पुलावाचा उरलेला बासमती संपवावा म्हणून मी तोच हुमणाबरोबर वाढला होता. सासूबाईंनी ताटाकडे पाहून एवढेच विचारले, “गो, शीत खंय?” त्यानंतर तिसऱ्या दिवशी उकडा चुकलेला नाही.

पावसाळ्यात तांदूळ कसा ठेवावा?

दमट हवेत सर्वच तांदळांना टोके लागतात, पण सुवासिक तांदळाचे नुकसान दुहेरी होते, कारण त्याचा वासही उडतो. म्हणून आंबेमोहर व बासमती महिन्याला लागेल तेवढाच आणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. उकडा वर्षाचा भरायचा असेल तर मे महिन्यातल्या उन्हात पत्र्याची पिंपे आधी कडकडीत तापवून, पुरती थंड करून मगच भरावीत. सुवासिक तांदूळ मात्र उन्हात घालू नये. वाळवण्याच्या नादात वास जातो आणि दाण्याला तडे पडतात. टोके दिसले तर तांदूळ सावलीत पसरून चाळावा आणि तो आधी वापरून संपवावा.